अपंग मूल आणि परदेशचा परवाना

दापोडीतला एखादा कुशल कामगार कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करू लागला की, घरात अपंग मूल असल्यास ते नाव दडवावे, असा सल्ला त्याला कोणी ना कोणी देतोच. वाचकहो, तो सल्ला घातक आहे. माहिती लपविल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे दार बंद होते.

तेथील कायदा तोलतो तो अपंगत्वाला नव्हे, सरकारी तिजोरीवर पडणाऱ्या खर्चाला. २००५ साली हिलेविट्झ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, रोगाचे नाव पाहून नव्हे, तर त्या कुटुंबाची परिस्थिती पाहून निर्णय द्यावा. २०१८ पासून विशेष शाळेचा खर्च हिशेबात धरलाच जात नाही. २०२५ साली खर्चाची मर्यादा वर्षाला २७,१६२ डॉलर होती.

समजा, मुलाला विशेष शाळा आणि फेफऱ्याचे औषध लागते. शाळा वगळली, उरले औषध. डॉक्टरांकडून औषधाचे नाव, मात्रा व वर्षाची किंमत लेखी घ्यावी. अधिकाऱ्याचे आक्षेपपत्र आल्यास उत्तराला साधारणतः ९० दिवस मिळतात. तेव्हा नुसते हमीपत्र पुरत नाही. औषधाचा खर्च मालकाच्या विम्यातून भागेल, याचा कागद जोडावा लागतो. मात्र इस्पितळाच्या खर्चाबाबत "मी भरीन" हे वचन व्यर्थ ठरते, कारण ती सेवा तेथे रहिवाशाला सरकारी विम्यातूनच मिळते आणि तिचे पैसे त्याच्याकडून घेताच येत नाहीत.