कागदावर मराठी, घरात हिंदी

जनगणनेत मातृभाषा म्हणजे आईने बालपणी मुलाशी बोललेली भाषा. या व्याख्येप्रमाणे बेंगळुरूत वाढणारी माझी दोन्ही मुले मराठी भाषक ठरतात. त्यांच्या आईने आणि मीही त्यांच्याशी पहिल्यापासून मराठीच बोललो. पण ती उत्तर देतात हिंदीत, आणि आपसात बोलतात हिंदी-इंग्रजीत. अकोल्याची भाषा आमच्या घरात संपत चालली आहे आणि कुठल्याही आकडेवारीत ते दिसणार नाही.

मित्रांनो, ही गळती कशी होते ते नीट पाहिले पाहिजे. मूल भाषा एका दिवसात सोडत नाही. आधी ते समजून घेते पण बोलत नाही, आणि "सगळं कळतं त्याला" म्हणून आईबाप निर्धास्त राहतात. मग व्याकरण झिजते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'माझं घर' चे 'माझा घर' होते. खरी खूण मात्र भावंडांच्या बोलण्यात सापडते. थोरली शाळेतली, सोसायटीतली भाषा घरात आणते आणि धाकटा ती तिच्याकडून उचलतो. म्हणून एकाच घरात थोरलीला मोडकी का होईना मराठी येते, धाकट्याला तेवढीही येत नाही. आपली मुले एकमेकांशी कोणत्या भाषेत भांडतात ते ऐका, म्हणजे घराची भाषा कोणती ते कळेल.

यावर आपल्यातलेच काही जण विचारतील, "मग बिघडलं काय? बाबासाहेबांनी 'जातिसंहार' इंग्रजीतच लिहिला ना?" बरोबर आहे. सावित्रीमाईंनीही इंग्रजी शिकायला सांगितले. इंग्रजी आपली शत्रू नाही, आणि ज्या अस्मितावाल्यांनी आपल्या बोलीला कायम 'अशुद्ध' म्हटले त्यांच्या झेंड्याखाली उभे राहण्याचेही आपल्याला कारण नाही. पण 1920 चा 'मूकनायक' आणि 1927 चा 'बहिष्कृत भारत' बाबासाहेबांनी मराठीत काढले, कारण ज्यांच्याशी बोलायचे होते ते लोक मराठी होते. त्या लोकांच्या आठवणीही मराठीतच आहेत, आणि बहुतेक कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत.

उदाहरण माझ्याच घरातले देतो. 1956 साली माझी आई आठ वर्षांची होती. तिचा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन परतला. आई सांगते, "त्यानं देव गाठोड्यात बांधले अन् नदीत सोडून देल्ले." हे वाक्य मुलांसाठी हिंदीत आणले की होते, 'भगवान को नदी में बहा दिया'. धाकट्याने लगेच विचारले, "गणपती विसर्जन?" शब्दाला शब्द बरोबर होता, पण अर्थ नेमका उलटा झाला. देव नाकारण्याची गोष्ट देव पुजण्याची झाली. आजी 'सोडून देल्ले' कोणत्या आवाजात म्हणते ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. बाप दुभाष्या झाला की असेच होते. नातवाला इतिहास मिळतो तो गाळून, आणि उलटा प्रश्न तो थेट आजीला विचारू शकत नाही.

याचा परिणाम शाळेत दिसतो. शहरातही मुलाला आडनाव विचारले जाते, 'तुम्ही कोण लोक' हे विचारले जाते. तो प्रश्न त्याला इंग्रजीत किंवा हिंदीत कळतो. त्याचे ताठ मानेचे उत्तर आजीजवळ आहे, पण आजीची भाषा त्याच्याजवळ नाही.

मग करायचे काय? आमच्या घरी ज्याने फरक पडला तेवढेच सांगतो. पहिले, आजीशी रोज पंधरा मिनिटे फोन, आणि त्या वेळी आईबापांनी खोलीत थांबायचे नाही. मधे दुभाष्या नसला की मुलाला शब्द शोधावाच लागतो. दुसरे, मूल हिंदीत बोलले तर रागवायचे नाही. त्याचेच वाक्य मराठीत म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा, आणि तोही 'हो-नाही' वर संपणारा नको. तिसरे, वाचन. शाळेत हिंदी असलेल्या मुलाला देवनागरी आधीच येते. नवे अक्षर जवळपास एकच, ळ. आणि गंमत म्हणजे आमची आजी डोळ्याला 'डोया' म्हणते, म्हणजे तिच्याशी बोलायला तेही लागत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल आजीसारखे 'मले', 'तुले', 'काहून' म्हणाले तर ते 'मला', 'तुला', 'का' असे सुधारायचे नाही. आपल्या बोलीला हसणारे बाहेर पुष्कळ आहेत, घरात आणखी एक नको.

एवढे करूनही मुले आपल्यासारखी मराठी बोलणार नाहीत, हे मान्य करावे लागते. थोरली आता अडखळत का होईना आजीला गोष्ट विचारते. धाकटा अजून ऐकतोच. पण आजी सत्तरी ओलांडून पुढे गेली आहे. ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी आज रात्रीच फोन लावून तो मुलाच्या हातात द्यावा.

जय भीम!