बॅच नंबर गाळलेला कागद

भंडाऱ्यातल्या एका औषध दुकानात काउंटरवर चिकटवलेला कागद वाचला आणि संताप आला. ‘कोल्ड्रिफ व इतर खोकल्याची औषधे बंद.’ अन्न व औषध प्रशासनाच्या ५ ऑक्टोबर २०२५च्या सूचनेचा म्हणे हा सारांश! कोल्ड्रिफ घेऊन आजारी पडलेली छिंदवाड्याची मुलं उपचारासाठी शेजारच्या नागपुरात आणली जात होती, आणि इथे बॅच नंबरच गाळलेला.

एका ओळीत सगळं ‘बंद’ लिहायची ही सवय जुनी आहे, २०१५च्या मॅगीची. तेव्हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ५ जूनला मॅगीचे सगळे नऊ प्रकार मागे घ्यायला लावले होते. नंबर बघायचा प्रश्नच नव्हता, दिसेल ते पाकीट फळीवरून उतरवायचं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला ती गोष्ट वेगळी, पण तिथे एका ओळीचा सारांश पुरला. कोल्ड्रिफचं तसं नाही. महाराष्ट्राची सूचना एसआर-१३ या बॅचची आहे: कांचीपुरमच्या स्रेसन फार्माची, मे २०२५मध्ये बनलेली, मुदत एप्रिल २०२७. तमिळनाडूच्या तपासणीत तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. चालतं फार तर ०.१ टक्का. नाव, उत्पादक, बॅच आणि तारखा, चारही गोष्टी बाटलीवरच्या लेबलाशी जुळवायला हव्यात.

‘इतर’ हा शब्द तर घातकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या इशाऱ्यात आणखी दोनच सिरप आहेत, रेस्पिफ्रेश टीआर (आर०१जीएल२५२३) आणि रीलाइफ (एलएसएल२५१६०). ती त्यांच्या नंबरांसह लिहावीत. मध्य प्रदेशाने कोल्ड्रिफवर सरसकट बंदी घातली. एखाद्या दुकानाला किंवा रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागाला तेच करायचं असेल तर जरूर करावं, मी तर कराच म्हणेन, कारण बाकीच्या बॅच सूचनेत नाहीत म्हणून त्या चांगल्या ठरत नाहीत. पण तो ‘आमचा निर्णय’ म्हणून सूचनेपासून वेगळा लिहावा.

‘बंद’ म्हटल्याने विक्री थांबते, घरी गेलेली बाटली थांबत नाही. आईबापांसाठी स्वतंत्र ओळ हवी: औषध देणं लगेच थांबवा, बाटली फेकू नका, दुकानात दाखवा, मुलाची लघवी कमी झाली किंवा उलट्या होत असतील तर थेट रुग्णालय गाठा, हे विष मूत्रपिंडावर जातं.

राहिलं कळवणं. साठा सापडला तर तो गोठवून प्रशासनाला सांगायचं आहे, टोल फ्री १८००२२२३६५. घाऊक विक्रेत्याकडे गुपचूप परत पाठवला की माग तुटतो. बिलावरून बॅच काढा, किती आल्या, किती विकल्या, किती उरल्या ते लिहा आणि औषध निरीक्षकाला द्या. एकही बाटली आली नसेल तरी ‘निरंक’ असं तारीख-वेळेसह, तपासणाऱ्याच्या सहीने नोंदवा. कोऱ्या रकान्यावरून कुणी फळी तपासली की नाही ते कळत नाही.