ठेव ठेवण्याआधी: दोन सहकारी बँकांची तुलना व्याजदराने नको, या तीन आकड्यांनी करा

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीचे पैसे हाती आले की एक प्रश्न घरोघरी येतो, ठेव कुठल्या बँकेत ठेवायची? बहुतेक जण दोन बँकांच्या व्याजदराचे फलक पाहून ठरवतात. जिथे अर्धा-पाऊण टक्का जास्त, तिथे पावती होते. मात्र तो फलक बँकेला ठेवी किती हव्यात एवढेच सांगतो. बँक ते पैसे परत देऊ शकेल का, हे त्यावर लिहिलेले नसते.

या जिल्ह्याने त्याची किंमत दोनदा पाहिली आहे. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये नाकारला. त्या वेळी परवान्यासाठी किमान ४ टक्के भांडवल पर्याप्तता हवी होती, आणि तेवढीही नव्हती. अशा २३ जिल्हा बँकांना सावरण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुमारे २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन बँका होत्या. सरकारी भांडवल आल्यावर बँक सावरली.

मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेला ती संधी मिळाली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले आणि खातेदाराला दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. जुलै २०२३ मध्ये परवानाच रद्द झाला. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. भांडवल आणि कमाई हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. खालचे तीन आकडे त्यांचेच मोजमाप आहेत.

तीन आकडे म्हणजे काय?

पहिला, निव्वळ व्याज मार्जिन. कर्जे आणि गुंतवणुकीवर मिळालेल्या व्याजातून ठेवीदारांना दिलेले व्याज वजा करायचे आणि उरलेल्या रकमेचे व्याज कमावणाऱ्या एकूण मालमत्तेशी प्रमाण काढायचे. यातूनच पगार, भाडे, वीजबिल आणि बुडीत कर्जाचा खड्डा भरायचा असतो.

दुसरा, एनपीए म्हणजे थकीत कर्जाचे प्रमाण. अहवालात ते ढोबळ आणि निव्वळ असे दोन प्रकारे येते. थकलेल्या कर्जापोटी बँकेने आधीच बाजूला काढलेली रक्कम, म्हणजे तरतूद, वजा केली की निव्वळ एनपीए उरतो.

तिसरा, भांडवल पर्याप्तता, अहवालात ‘सीआरएआर’. जोखमीच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे बँकेचे स्वतःचे किती रुपये आहेत, हे तो सांगतो. कर्ज बुडाले की आधी हे पैसे जातात, नंतर ठेवीदाराच्या पैशांवर वेळ येते.

एक उदाहरण

समजा एकाच तालुक्यात ‘क’ आणि ‘ख’ अशा दोन काल्पनिक बँका आहेत. दोघींचे कर्जवाटप १०० कोटी, गुंतवणूक ७० कोटी आणि भांडवल पर्याप्तता १३ टक्के. हिशेब सोपा राहावा म्हणून जोखमीची मालमत्ताही १०० कोटीच धरू, म्हणजे प्रत्येकीचे भांडवल १३ कोटी.

‘क’चे मार्जिन ३ टक्के आहे. खर्च जाऊन वर्षाला १.६ कोटी उरतात. ‘ख’ जास्त दराने कर्ज देते, म्हणून तिचे मार्जिन ४ टक्के आणि शिल्लक २ कोटी. इथवर ‘ख’च सरस वाटते.

आता थकबाकी पाहा. ‘क’चे ४ कोटी थकले आहेत आणि त्यापोटी ३ कोटींची तरतूद आहे. उघडा राहिला १ कोटी. ‘ख’चे थकीत कर्ज १५ कोटी, तरतूद फक्त ५ कोटी. उघडे राहिले १० कोटी. म्हणजे ‘ख’चा निव्वळ एनपीए १०.५ टक्के.

या उघड्या रकमेपैकी निम्मी बुडाली असे धरू. ‘क’चे ५० लाख जातात आणि भांडवल पर्याप्तता साडेबारा टक्क्यांच्या आसपास राहते. हा तोटा तिची चार महिन्यांची कमाई भरून काढते. ‘ख’चे ५ कोटी जातात. तेरातले आठ कोटी उरतात आणि पर्याप्तता ८.४ टक्क्यांवर येते. हा खड्डा भरायला तिला अडीच वर्षे लागतील, तेही दरम्यान नवीन कर्ज थकले नाही तरच.

तेरा टक्के दोघींचेही होते. फरक होता तो त्या तेरा टक्क्यांवर किती ओझे उभे आहे याचा. म्हणून तीन आकडे सुटे वाचू नयेत. निव्वळ एनपीए भांडवलातून किती खाऊ शकतो आणि मार्जिन ते किती दिवसांत भरून देईल, या क्रमाने वाचावेत.

जिल्हा बँक आणि अर्बन बँक: माप एकच, काटा वेगळा

या दोन प्रकारच्या बँकांची तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. व्यापाऱ्याच्या किंवा घराच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते एनपीए होते. सोयाबीनसारख्या अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज मात्र दोन हंगाम थकल्यावर एनपीए धरतात. त्यामुळे अर्बन बँकेतली थकबाकी लवकर दिसते, जिल्हा बँकेतली उशिरा. एका मार्चच्या आकड्यावर न जाता तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा.

किमान भांडवलाची अटही सारखी नाही. जिल्हा बँकेला ९ टक्के पुरतात. शंभर कोटींहून जास्त ठेवी असलेल्या अर्बन बँकांनी मात्र मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के गाठावेत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवले. म्हणजे १० टक्के हा आकडा एकीसाठी पास आणि दुसरीसाठी नापास. शिवाय अशा अर्बन बँकांचा निव्वळ एनपीए ६ टक्क्यांवर गेला की एप्रिल २०२५ पासूनच्या नियमांनुसार त्यांच्यावर सुधारणेची कारवाई सुरू होऊ शकते.

एनपीए घटला म्हणून लगेच खूशही होऊ नका. वर्षभरात भरमसाट नवीन कर्ज वाटले तरी टक्केवारी खाली येते. म्हणून टक्क्यासोबत थकीत रक्कम रुपयांत पाहा.

पतसंस्था हा वेगळाच विषय आहे. तिला हे नियम नाहीत आणि पाच लाखांपर्यंतच्या ठेवीचा विमाही नाही. मलकापूर अर्बनच्या सुमारे ९७.६ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळण्याची सोय झाली, ती या विम्यामुळेच. पाच लाखांवरची रक्कम मात्र वसुलीच्या भरवशावर राहते.

फलकावर लिहा

हे आकडे गुप्त नसतात. वार्षिक अहवालात ताळेबंदानंतरच्या टिपांमध्ये ते छापलेले असतात, पण तिथवर सभासद पोहोचत नाही. माझे म्हणणे एवढेच की व्याजदराच्या फलकावरच निव्वळ एनपीए, सीआरएआर आणि मार्जिन या तीन ओळी बँकेने लिहाव्यात, मागच्या दोन वर्षांसह. जी बँक ‘ऑडिट वर्ग अ’ ठळक अक्षरांत लावते, तिला हे जड जाऊ नये. आणि लावले नाही, तर सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेत सभासदाने उठून विचारावे, ‘तरतूद वजा जाता थकीत किती, आणि ते आपल्या भांडवलाच्या किती टक्के?’ उत्तर आकड्यात आले नाही, तर पावतीचे नूतनीकरण करण्याआधी दुसऱ्या बँकेचा अहवाल मागून घ्यावा.