गब्बरला हसू, आम्हाला आलाप

लोणावळ्यात ‘बिग बॉस’चं घर होतं, त्या वर्षांत शाळेतली पोरं त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची. बोलणाऱ्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, तरी एका वाक्यात कार्यक्रम ओळखू यायचा. आवाज असा डोक्यात घर करतो, म्हणूनच माझी तक्रार आहे.

हल्लीच्या बऱ्याच हिंदी मालिका आणि वेब सिरीज डोळे मिटून ऐका. मुसलमान पात्र पडद्यावर आलं की अरबी तंतुवाद्य छेडलं जातं, त्यावर एक घुमणारा आलाप येतो, मागे कुठेतरी अजानचा तुकडा. पात्र शिंपी असो, फौजदार असो की अतिरेकी, धून तीच. म्हणजे ती त्या माणसाची नाहीच, त्याच्या जमातीची आहे.

‘शोले’ (1975) आठवा. जय संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा दिवे मालवत असते. ते सूर फक्त त्या दोघांचे आहेत. गब्बर आपल्या तीन माणसांवर पिस्तूल रोखतो, गोळी सुटत नाही, सगळे हसू लागतात आणि त्या हसण्यातच तो त्यांना मारतो. अमजद खानचं ते हसू ऐकून गब्बरची जात-धर्म कुणाला आठवत नाही, गब्बरच आठवतो. त्याच सिनेमात अजानही आहे. पण ती मुलगा गमावलेल्या आंधळ्या इमामसाहेबांसाठी आहे. तिला कथेत कारण आहे.

आता त्या ‘अरबी’ धोक्याच्या सुरांकडे पाहू. ते बहुतेक वेळा हिजाझ नावाच्या मकामातले असतात. त्याचे पहिले चार सूर म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध ग आणि म. आपल्या भैरवाची सुरुवातही याच चार सुरांची! पेटीवर वाजले की पहाटेची प्रार्थना, आणि त्या तंतुवाद्यावर घुमवून वाजवले की बॉम्ब? भीती सुरांत नसते. तेच सूर पुन्हा पुन्हा संशयाच्या दृश्याला चिकटवून ती तयार केली जाते. मग आमच्या मावळातल्या एखाद्या मुलाला, ज्याने आयुष्यात एकही मुसलमान मित्र केलेला नाही, मशिदीवरून जाताना ती धून आधी आठवते आणि माणूस नंतर दिसतो.

‘वेळ कमी असतो, पात्र चटकन कळायला हवं,’ असं यावर सांगतात. चटकन तर माउथ ऑर्गननेही कळतं. पण त्यासाठी आधी पात्र नीट लिहावं लागतं. ज्याला स्वतःची सवय नाही, हसू नाही, चालण्याची ढब नाही, त्याला संगीतकार तरी स्वतःचा सूर कुठून देणार? तिथे धर्माचा सूर फुकटात मिळतो.

म्हणून पुढच्या वेळी चित्र झाकून फक्त आवाज ऐका. ‘कोण आलं’ हे कळलं तर काम चोख आहे. ‘कुणापैकी आलं’ एवढंच कळलं, तर लेखक आणि संगीतकार दोघांनीही कामचुकारपणा केला आहे, आणि त्याची किंमत आमची पोरं मोजतात.