तिरंग्याच्या जागी IN का उमटते?

ऑगस्ट जवळ आला की परभणी जिल्ह्यातल्या डीटीपी सेंटरांवर झेंडावंदनाच्या निमंत्रणांची गर्दी होते. जिंतूरच्या एखाद्या शाळेचा किंवा सेलूच्या पतसंस्थेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि शेवटी तिरंगा असतो. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर तो नीट दिसतो. ऑपरेटर तोच मजकूर विंडोजवर वर्डमध्ये पेस्ट करतो, तेव्हा मात्र झेंड्याच्या जागी IN ही दोन अक्षरे येतात. गिऱ्हाईक म्हणते, फाइल बिघडली.

फाइल शाबूत असते. ही अक्षरे तिथे का आहेत, हे कळायला जपानी मोबाइल कंपन्यांपर्यंत मागे जावे लागते.

जे-फोन या कंपनीसाठी पायोनियरने 1997 मध्ये काढलेल्या डीपी-211एसडब्ल्यू या फोनमध्ये 90 चित्रचिन्हे होती. फोन फारसा खपला नाही. इमोजी खऱ्या अर्थाने लोकांच्या हातात पडली ती एनटीटी डोकोमोच्या आय-मोड सेवेमुळे, फेब्रुवारी 1999 मध्ये. शिगेताका कुरिता यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या संचात 176 चिन्हे होती आणि प्रत्येक चिन्ह 12 बाय 12 ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेले होते. आय-मोडच्या मेलमध्ये 250 जपानी अक्षरेच मावत. एका अक्षराची जागा घेऊन हवामान किंवा मनःस्थिती सांगणारे चिन्ह तिथे फार सोयीचे होते.

मात्र चिन्हाचा कोड प्रत्येक कंपनीने स्वतःपुरता ठरवला. नेहमीच्या जपानी अक्षरसंचात मोकळ्या असलेल्या जागा ज्याने त्याने आपापल्या परीने भरल्या. सूर्याचेच पाहा. युनिकोडच्या खासगी विभागात डोकोमोचा सूर्य U+E63E वर होता, केडीडीआयचा U+E488 वर आणि सॉफ्टबँकेचा U+E04A वर. त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेल्या चिन्हाच्या जागी बऱ्याचदा 〓 अशी नुसती जाड दुहेरी रेघ उमटे. एका कंपनीच्या जुन्या फॉन्टमध्ये बांधलेला मराठी मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडून पाहिलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही.

पुढे कंपन्यांनी आपसांत रूपांतराचे तक्ते लावले, पण ईमेल आणि शोधसेवा चालवणाऱ्यांना ते पुरेना. 2009 मध्ये गुगल आणि अ‍ॅपलच्या तज्ज्ञांनी युनिकोडपुढे एकत्रित प्रस्ताव ठेवला. त्यामागचा नियम साधा होता: जपानी संचांतला मजकूर युनिकोडमध्ये नेऊन परत आणला, तर काहीही हरवता कामा नये. ऑक्टोबर 2010 च्या युनिकोड 6.0 मध्ये या संचांतल्या 722 चिन्हांची सोय झाली. त्यांपैकी 114 अक्षरे युनिकोडमध्ये आधीपासूनच होती आणि 608 नवी आली. सूर्याला नवा कोड लागला नाही, U+2600 वापरला गेला. निवडीचा निकष 'जपानी संचात आहे का' हाच असल्याने शिनकान्सेन रेल्वे 2010 मध्येच आली. ऑटोरिक्षा, साडी आणि पणती यांना 2019 उजाडावे लागले.

खरी अडचण आली ती झेंड्यांची. जपानी संचांत दहाच देशांचे झेंडे होते: जपान, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन, स्पेन, रशिया, चीन आणि दक्षिण कोरिया. भारत त्यांत नव्हता. दहा झेंडे गाळले तर जुना मजकूर हरवणार आणि घेतले तर बाकीचे देश विचारणार, आमचे काय? प्रत्येक देशाला स्वतंत्र कोड द्यावा तर देश बदलतात, झेंडेही बदलतात. म्हणून युनिकोडने एकाही झेंड्याला कोड दिला नाही. A ते Z अशी 26 खास अक्षरे घेतली आणि त्यांच्या जोडीने देशाचा दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत लिहायचा, असे ठरले. चित्र दाखवायचे की नाही, हे फॉन्टवर सोडले. तिरंगा म्हणजे U+1F1EE आणि U+1F1F3, अर्थात I आणि N. विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे झेंडे दिलेले नाहीत, म्हणून तिथे ती अक्षरेच दिसतात.

तपासणी सोपी आहे. तोच मजकूर विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये पेस्ट करावा. त्या ब्राउझरबरोबर स्वतःचा इमोजी फॉन्ट येतो. तिथे तिरंगा दिसला तर मजकूर धड आहे, उणीव फॉन्टची आहे. एकटेच I किंवा N उरले असेल तर मात्र जोडी खरोखर तुटली आहे. अक्षरमर्यादेवर मजकूर कापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असे होऊ शकते. लागोपाठ तिरंगे असतील तर आणखी घोळ होतो. दोन तिरंग्यांतले पहिले I गळाले की N, I, N उरतात, पहिल्या दोघांची जोडी जुळते आणि मोबाइलवर निकाराग्वाचा निळा-पांढरा झेंडा फडकतो. प्रूफ वाचणाऱ्याने ही ओळ मोबाइलवर एकदा पाहिलेली बरी.

छपाईसाठी ही जोडी मजकुरात ठेवूच नये. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे तिथे ती टिकणारच नाही. जोडी काढून त्या जागी 3:2 प्रमाणातला, 24 आऱ्यांचे अशोकचक्र असलेला व्हेक्टर तिरंगा चित्र म्हणून बसवावा.