विश्लेषण : वीज पडली नाही, तरी डीपीवरचा अरेस्टर का फुटतो?

परभणी जिल्ह्यात वादळवाऱ्यानंतर डीपीवरचा लाइटनिंग अरेस्टर फुटलेला दिसला, की खापर विजेवर फोडले जाते. मात्र कधी आभाळ निरभ्र असते, फांदी एकाच तारेवर पडलेली असते आणि अरेस्टर जळतात ते उरलेल्या दोन तारांवरचे. हा विजेचा प्रकार नाही.

फॉल्ट एका फेजवर, ताण दुसऱ्यांवर कसा?

तीन फेज म्हणजे एका समभुज त्रिकोणाची तीन टोके समजा. उपकेंद्रातील रोहित्राचा न्यूट्रल या त्रिकोणाच्या मध्यभागी असतो. तो जमिनीला जोडलेला असल्याने जमीनही मध्यभागीच राहते आणि प्रत्येक तार जमिनीपासून सारख्या दाबावर असते. एखादी तार जमिनीला टेकली, की ‘जमीन’ मध्यापासून त्या टोकाकडे सरकू पाहते. ती जेवढी सरकेल, तेवढे उरलेल्या फेजचे जमिनीपासूनचे अंतर, म्हणजेच दाब, वाढतो. न्यूट्रलचा जमिनीशी संबंधच नसेल तर ती थेट टोकावर जाते आणि निरोगी फेजवरचा दाब 1.73 पट होतो. न्यूट्रलची अर्थिंग पक्की असेल तर हे सरकणे रोखून धरले जाते.

दाब किती पट वाढला, हे सांगणाऱ्या आकड्याला अर्थ फॉल्ट फॅक्टर म्हणतात. तो 1.4 च्या आत असेल तर यंत्रणेची अर्थिंग परिणामकारक मानली जाते.

9 केव्हीचा अरेस्टर कशाच्या भरवशावर?

11 केव्ही वाहिनीवरचा दाब 12 केव्हीपर्यंत जाऊ शकतो, असे धरून उपकरणे निवडली जातात. म्हणजे एका तारेवर जमिनीपासून 6.9 केव्ही. फॅक्टर 1.3 असेल तर फॉल्टच्या वेळी निरोगी तारेवर 9 केव्ही येतात, 1.4 असेल तर 9.7 आणि 1.73 असेल तर पूर्ण 12. आपल्याकडे या वाहिनीवर सर्रास 9 केव्ही रेटिंगचा अरेस्टर बसतो. रेटिंगचा अर्थ असा, की तेवढा दाब तो साधारण दहा सेकंद सोसतो. त्याहून किंचित जास्त दाब सेकंदभर चालतो, कारण तोवर उपकेंद्रातला ब्रेकर फिडर ट्रिप करतो. थोडक्यात, 9 हा आकडा न्यूट्रलच्या चांगल्या अर्थिंगच्या आणि चपळ ब्रेकरच्या भरवशावर निवडलेला आहे.

तो भरवसा किती नाजूक आहे ते पाहा. पाच एमव्हीएचे, सात टक्के इम्पिडन्सचे 33/11 केव्ही रोहित्र घ्या. उपकेंद्राजवळच्या फॉल्टला तारेचा जमिनीशी संपर्क पक्का झाला आणि न्यूट्रलच्या अर्थिंगचा रोध अर्धा ओहम असला, तर फॅक्टर 1.3 च्या आसपास राहतो. तोच रोध एक ओहम झाला की एका निरोगी फेजवर फॅक्टर दीडवर जातो, म्हणजे 10.4 केव्ही. मराठवाड्याची काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते; उन्हाळ्यात ती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध चढतो.

अर्थिंग तुटलीच तर?

न्यूट्रलची पट्टी गंजली, सैल झाली किंवा चोरीला गेली, तर दोन गोष्टी एकदम बिघडतात. दाब 12 केव्हीपर्यंत चढतो. शिवाय फॉल्टच्या करंटला परतीचा रस्ताच न उरल्याने अर्थ फॉल्ट रिलेला काही जाणवत नाही आणि फिडर चालूच राहतो. विजेचा झटका मायक्रोसेकंदांत संपतो. हा दाब मिनिटे-मिनिटे टिकतो. अरेस्टरमधल्या झिंक ऑक्साइडच्या चकत्या तापतात, तापल्यावर जास्त करंट घेतात, आणखी तापतात आणि फुटतात.

यातली खूण सोपी आहे. एकाच फिडरवर, वेगवेगळ्या खांबांवर, त्याच दोन फेजचे अरेस्टर गेले आणि फॉल्टच्या फेजवरचे शाबूत राहिले, तर आधी उपकेंद्राचा न्यूट्रल तपासावा. खांबाखालची अर्थिंग सुधारून हा दोष जात नाही. ती विजेचा करंट जमिनीत मुरवण्यासाठी असते. दाब रोखणारी अर्थिंग वेगळी.

मग 12 केव्हीचा अरेस्टर का बसवू नये? बसवता येतो, पण फुकट नाही. 9 केव्हीचा अरेस्टर वीज पडल्यावर रोहित्रावरचा दाब साधारण 30 केव्हीवर रोखतो. 12 केव्हीचा सुमारे 40 वर. नवे रोहित्र 75 केव्हीचा झटका सोसते, त्यामुळे त्याला हे चालून जाईल. जुन्या, ओल धरलेल्या डीपीबाबत तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्या लांब शेती फिडरवर न्यूट्रलची खात्रीच देता येत नाही, तिथे मोठे रेटिंग समर्थनीय आहे. सरसकट बदल म्हणजे एक पट्टी घट्ट करण्याऐवजी शेकडो अरेस्टर बदलणे. आणि अर्थिंगचा रोध मोजायचाच तर मे महिन्यात मोजावा. ऑगस्टमध्ये ओल्या मातीत मोजलेला आकडा कागदावर छान दिसतो, एवढेच.