गळकी कांडी किती दिवस आत राहते?

जैतापूरचा विषय निघाला की आमच्या उचगावात काय किंवा कोल्हापूर शहरात काय, कुणीतरी कैगाचे नाव काढतेच. कारवार तालुक्यातल्या कैगा प्रकल्पाची पहिली भट्टी मे 2016 पासून 31 डिसेंबर 2018 पर्यंत सलग 962 दिवस चालली. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. पुढे कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या भट्टीने तो मोडला. या दोन्ही भट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या आहेत. जैतापूरला येऊ घातलेल्या सहा भट्ट्या मात्र साध्या पाण्याच्या आहेत आणि इंधन बदलायला त्या दर दीड-दोन वर्षांनी थांबवाव्या लागतात. यावरून 'न थांबणारी ती चांगली' असा निष्कर्ष लोक काढतात. डॉक्टर म्हणून मला 962 या आकड्यात फारसा रस नाही. ज्या सोयीमुळे तो शक्य झाला, ती सोय मात्र आरोग्याच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे.

कैगाच्या भट्टीत एकच मोठा हंडा नसतो. 306 आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत अर्ध्या मीटर लांबीचे 12 इंधनगठ्ठे ओळीने ठेवलेले असतात. एका गठ्ठ्यात पेन्सिलीसारख्या 19 कांड्या असतात. नळीतून सुमारे 300 अंश तापलेले जड पाणी हवेच्या ऐंशी-नव्वद पट दाबाने वाहते. इंधन बदलताना नळीच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र घट्ट बसते, आपल्या आतला दाब नळीइतका करते आणि मगच बूच काढते. एका बाजूने आठ नवे गठ्ठे ढकलले जातात, दुसऱ्या बाजूचे यंत्र आठ जुने झेलते. हे सगळे भट्टी पूर्ण शक्तीवर चालू असताना होते, सरासरी रोज एका नळीत. ही हौस नाही, गरज आहे. नैसर्गिक युरेनियमात शिल्लक जोर फार कमी असतो, त्यामुळे रोज थोडे ताजे इंधन दिले नाही तर भट्टी काही दिवसांतच मंदावते. साध्या पाण्याच्या भट्टीत समृद्ध युरेनियम असते. त्यात दीड-दोन वर्षांची शिदोरी एकदम भरायची, झाकण लावायचे आणि मुदत संपली की भट्टी थंड करून, झाकण काढून, साधारण तिसरा हिस्सा इंधन बदलायचे.

आता रोगाकडे येतो. युरेनियमच्या वड्या झिरकोनियमच्या पातळ नळीत बंद असतात. हजारो कांड्यांपैकी एखादीला कधीतरी बारीक भोक पडते. एखादी तार किंवा धातूचा कीस घासून, जोडातल्या दोषामुळे, किंवा शक्ती झपाट्याने वाढवल्याने. मग आतले किरणोत्सारी वायू आणि आयोडीन-131 पाण्यात उतरतात. थायरॉईडच्या कर्करोगात हेच आयोडीन आम्ही मोजून रुग्णाला देतो, कारण शरीर ते नेमके त्या ग्रंथीत साठवते. न मोजता, निरोगी मुलाच्या थायरॉईडमध्ये ते जाणे ही मात्र वेगळी गोष्ट. त्याचे अर्धे आयुष्य आठ दिवसांचे.

भोक पडले की केवळ काही बाहेर येते असे नाही, पाणी आतही शिरते. वाफेतला हायड्रोजन झिरकोनियमला ठिसूळ करतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याच कांडीला, कधी पहिल्या भोकापासून बऱ्याच अंतरावर, लांब चीर पडते. तेव्हा वायूबरोबर युरेनियमचे कणही धुऊन निघू लागतात. म्हणून एक कांडी गळते आहे यापेक्षा ती किती दिवस आत राहते हे महत्त्वाचे.

कैगासारख्या भट्टीत तपासणी अशी चालते. जड पाण्याच्या नमुन्यात आयोडीन वाढलेले दिसले की कुठेतरी गळती आहे एवढे कळते. नळी कोणती ते कळत नाही. प्रत्येक नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची एक बारीक धार न्यूट्रॉन मोजणाऱ्या उपकरणापाशी आणलेली असते. गळक्या कांडीतून आलेले ब्रोमीन आणि आयोडीनचे काही अल्पजीवी प्रकार भट्टीबाहेर आल्यावरही काही सेकंद न्यूट्रॉन सोडतात. ज्या नळीचे मोजमाप तिच्या पूर्वीच्या आकड्यापेक्षा चढलेले, ती संशयित. त्या नळीवर यंत्र पाठवून गठ्ठे बाहेर ढकलले जातात आणि मोजमाप कधी उतरते ते पाहिले जाते. यात एक मेख आहे. बारापैकी आठच गठ्ठे बाहेर येतात, त्यामुळे दोषी गठ्ठा उरलेल्या चारांत असेल तर आकडा उतरत नाही आणि नळी पुन्हा घ्यावी लागते. तरीही गळू काही दिवसांत, वीज न थांबवता, कापून काढता येते.

साध्या पाण्याच्या भट्टीचे उदाहरण आपल्याच राज्यात, पालघर जिल्ह्यात आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 पासूनच्या, पाणी आतच उकळणाऱ्या. शेजारच्या तिसऱ्या-चौथ्या जड पाण्याच्या, 2005-06 मध्ये आलेल्या. एकाच कुंपणात दोन्ही पद्धती आहेत. पहिल्या दोन भट्ट्यांना सुरुवातीच्या वर्षांत गळक्या कांड्यांनी बराच त्रास दिला. तिथली वाफ थेट टर्बाइनमध्ये जाते, म्हणून गळतीचा वायू टर्बाइनमार्गे वायुशुद्धीकरणाच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतो. अशा भट्टीत गळती आढळली तर शक्ती कमी करून एकेक नियंत्रक दांडा आत सारतात आणि कुठल्या दांड्याने वायू घटतो ते बघतात. सापडलेल्या जागेचा दांडा आतच ठेवून त्या कोपऱ्याची शक्ती दाबली जाते. हा पट्टी बांधण्याचा प्रकार झाला; कांडी पुढच्या थांब्यापर्यंत आतच राहते, नाहीतर मधेच भट्टी बंद करून झाकण उघडावे लागते. शिवाय थांब्यात मोठ्या संख्येने माणसे एकदम आत काम करतात. कामगारांना वर्षभरात मिळणाऱ्या किरणोत्साराचा मोठा वाटा त्या थोड्या आठवड्यांतला असतो.

म्हणून जड पाण्याच्या बाजूने कौल द्यावा का? इतके सोपे नाही. रोज नळी उघडायची म्हणजे रोज यंत्रावर भिस्त. कॅनडातल्या ब्रूस प्रकल्पात जानेवारी 1990 मध्ये नळीला जोडलेले यंत्र संगणकाच्या चुकीमुळे हलले आणि कित्येक टन जड पाणी सांडले. दुसरे, जड पाण्यात ट्रिटियम साचत जाते. ते पाण्याच्या रूपातच असते, त्यामुळे श्वासातून, कातडीतून, पोटातून शरीरात जाते आणि सर्वत्र पसरते. नोव्हेंबर 2009 मध्ये कैगाला कुणीतरी मुद्दाम ट्रिटियमयुक्त जड पाणी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये टाकले. ते उघडकीस आले कामगारांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत. अशा वेळी उपचार साधा असतो: भरपूर पाणी पाजणे आणि लघवी वाढवणारी औषधे, म्हणजे एरवी दहा दिवसांत अर्धे होणारे ट्रिटियम लवकर निघून जाते. तिसरे, नैसर्गिक युरेनियममधून टनामागे ऊर्जा कमी मिळते. तेवढ्याच विजेसाठी जळालेले इंधन वजनाने सहा-सात पट निघते आणि ते सांभाळावे लागते.

आजकाल साध्या पाण्याच्या बहुतेक भट्ट्या एकही कांडी न गळता पुढचा थांबा गाठतात, हेही खरे. तेव्हा माझे मत असे: गळती झाल्यावरचा इलाज जड पाण्याच्या भट्टीकडे चांगला आहे, साध्या पाण्याच्या भट्टीने सगळी मदार गळती होऊच नये यावर ठेवली आहे. जैतापूरच्या सुनावण्यांत विक्रमांची तुलना ऐकण्यापेक्षा मी तीन आकडे मागेन. शीतक पाण्यातले आयोडीन-131 दरमहा किती, ते कुठल्या पातळीला पोहोचल्यावर ठरलेल्या थांब्याची वाट न पाहता भट्टी बंद होणार, आणि थांब्याच्या काळात कंत्राटी कामगारांना मिळालेला किरणोत्सार कायम कर्मचाऱ्यांपासून वेगळा दाखवून किती. कैगा आणि तारापूरबद्दलही हेच तीन आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला हवेत, आणि ते कारवार-पालघरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरलाही वाचता येतील अशा मराठी-कन्नड भाषेत.